‘बहुतेक’ लिहायला ∀ आणि ∃ का पुरत नाहीत

प्रश्न: “‘सगळे’ साठी ∀ आहे, ‘काही’ साठी ∃ आहे, ‘किमान तीन’ पण ∃ तीनदा वापरून लिहिता येतं. मग ‘बहुतेक’ साठी ∀ आणि ∃ चं काहीतरी लांबलचक कॉम्बिनेशन का नाही चालणार? सर म्हणाले शक्यच नाही, पण ‘आपल्याला सापडलं नाही’ आणि ‘शक्यच नाही’ यात फरक आहे ना? आणि ‘थोडे’ चं पण असंच आहे का?”

उत्तर:

फरक आहेच, आणि तो तुम्ही बरोबर पकडलाय. ‘शक्यच नाही’ याची सिद्धता आहे, आणि ती वाटते तितकी अवघड पण नाही. मी बरीच वर्षं हा विषय शिकवतोय, कॉम्प्युटरवाल्यांना आणि भाषाशास्त्रवाल्यांना दोघांनाही, आणि दरवर्षी कोणीतरी अर्ध्या पानाचा फॉर्म्युला घेऊन येतंच की सर हे बघा, जमलं. तो फॉर्म्युला कुठे फुटतो ते एकदा हाताने करून बघितलं की मग पुन्हा शंका येत नाही, म्हणून तेच करू.

आधी ‘बहुतेक’ म्हणजे काय ते ठरवून घेऊ, कारण मराठीत या शब्दाचे दोन उपयोग आहेत. “बहुतेक पाऊस येईल” मधलं बहुतेक म्हणजे शक्यता, त्याचा इथे संबंध नाही. “बहुतेक सभासदांनी वर्गणी भरली” मधलं बहुतेक म्हणजे संख्या, ते आपलं. आता किती म्हणजे बहुतेक हे थोडं प्रसंगावर असतं. शंभरातल्या 51 जणांनी भरली तर मी स्वतः ‘बहुतेक’ म्हणायला कचरेन, ‘निम्म्याहून जास्त’ म्हणेन. पण लॉजिकमध्ये साधारणपणे ‘निम्म्याहून जास्त’ हाच अर्थ धरतात, म्हणजे भरलेले सभासद न भरलेल्यांपेक्षा जास्त. तुम्हाला दोन तृतीयांश किंवा ऐंशी टक्के हवे असतील तरी पुढचं सगळं तसंच लागू पडतं, ते कसं ते येईलच.

आता तुमच्या ‘किमान तीन’ कडे बघू, कारण खरी गंमत तिथे आहे. V(x) म्हणजे x ने वर्गणी भरली. किमान तीन जणांनी भरली हे असं:

```
∃x ∃y ∃z ( V(x) ∧ V(y) ∧ V(z) ∧ x≠y ∧ y≠z ∧ x≠z )
```

यात तीन ∃ एकात एक आहेत. ‘किमान चार’ ला चार लागतील, ‘किमान शंभर’ ला शंभर. म्हणजे आकडा आधी ठरलेला असेल तर काम होतं. यातूनच लोकांचा गैरसमज होतो, कारण सोसायटीत नेमके 7 सभासद आहेत हे माहीत असेल तर ‘बहुतेक’ म्हणजे ‘किमान चार’, झालं, लिहून टाका. सभासद जास्तीत जास्त 50 हे माहीत असेल तरी लिहिता येईल, “एक असेल तर किमान एक, आणि दोन असतील तर दोन, आणि तीन असतील तर किमान दोन...” अशी लांबण लावत पन्नासपर्यंत जायचं. कंटाळवाणं आहे पण चूक नाही. अडचण एवढीच की ‘बहुतेक’ हा शब्द आपण 7 च्या सोसायटीला, 700 च्या सोसायटीला आणि अख्ख्या शहराला एकच वापरतो आणि त्याचा अर्थ दरवेळी बदलत नाही. म्हणून आपल्याला एकच फॉर्म्युला हवाय जो कुठल्याही आकाराच्या सोसायटीत बरोबर उत्तर देईल. असा एकही नाही, हा दावा आहे.

आता तो सिद्ध कसा करायचा. सगळे संभाव्य फॉर्म्युले एकेक करून नाही तपासता येणार, अनंत आहेत. म्हणून फॉर्म्युला काय बघू शकतो आणि काय नाही हे बघायचं. कुठलाही ∀ किंवा ∃ एका वेळी एक सभासद उचलतो. आत दुसरा असेल तर तो दुसरा सभासद उचलतो, पहिल्याला न सोडता. सगळ्यात आत पोचल्यावर फॉर्म्युल्याच्या हातात मोजके सभासद असतात आणि त्यांच्याबद्दल तो फक्त दोन गोष्टी विचारू शकतो, याने भरली का, आणि हा आणि तो एकच आहेत का. बस. एकात एक किती ∀/∃ आहेत याला खोली म्हणू. खोली तीन म्हणजे हातात एका वेळी जास्तीत जास्त तीन सभासद, मग बाहेर ‘आणि’, ‘किंवा’, ‘नाही’ लावून तुम्ही फॉर्म्युला शंभर पानांचा केलात तरी खोली तीनच राहते.

यावर एक खेळ आहे, एरेनफॉइश्ट आणि फ्राइसे या दोघांच्या नावाने ओळखला जातो. दोन बिल्डिंगा घ्या, दोन्हीत सातच सभासद. पहिलीत चौघांनी भरलीय, तिघांनी नाही, म्हणजे ‘बहुतेकांनी भरली’ खरं. दुसरीत तिघांनी भरलीय, चौघांनी नाही, म्हणजे खोटं. खेळाडू दोन. एकाला स्पॉयलर म्हणतात, त्याला दाखवायचंय की बिल्डिंगा वेगळ्या आहेत. दुसरा डुप्लिकेटर, त्याला दाखवायचंय की काही फरक कळत नाही. दर फेरीत स्पॉयलर कुठल्याही एका बिल्डिंगमधला एक सभासद निवडतो, डुप्लिकेटर दुसऱ्या बिल्डिंगमधला त्याच्या जोडीचा निवडतो. शेवटी दोन्हीकडचे निवडलेले सभासद जुळले पाहिजेत, म्हणजे भरलेल्यासमोर भरलेला, न भरलेल्यासमोर न भरलेला, आणि तोच माणूस परत आला असेल तर समोरही तोच.

तीन फेऱ्या खेळून बघा, खरंच कागदावर ठिपके काढून बघा. स्पॉयलर पहिलीतला एक भरलेला उचलतो, डुप्लिकेटर दुसरीतला एक भरलेला देतो. स्पॉयलर आता दुसऱ्या बिल्डिंगमध्ये उडी मारतो आणि न भरलेला उचलतो, डुप्लिकेटर पहिलीतला न भरलेला देतो. तिसऱ्यांदा स्पॉयलर पहिलीतला अजून एक भरलेला उचलतो, दुसरीत अजून दोन भरलेले शिल्लकच आहेत, त्यातला एक देता येतो. स्पॉयलरने तीनही वेळा पहिलीतले भरलेलेच उचलले तरी दुसरीत बरोबर तीन आहेत, पुरतात. म्हणजे स्पॉयलर काहीही करो, तीन फेऱ्यांत तो हरतो. आणि या खेळाचं जे प्रमेय आहे ते सांगतं की डुप्लिकेटर तीन फेऱ्या हमखास जिंकत असेल तर खोली तीनचा प्रत्येक फॉर्म्युला दोन्ही बिल्डिंगांत एकच उत्तर देतो, दोन्हीकडे खरं नाहीतर दोन्हीकडे खोटं. पण ‘बहुतेकांनी भरली’ एकीकडे खरं आहे आणि दुसरीकडे खोटं. म्हणजे खोली तीनचा कुठलाही फॉर्म्युला ‘बहुतेक’ नाही. जो आपल्याला सुचला नाही तोही नाही.

आता चौथी फेरी द्या. स्पॉयलर पहिलीतले चारही भरलेले ओळीने उचलतो, डुप्लिकेटरकडे तीनच, हरला. हे बरोबरच आहे, कारण ‘किमान चार’ हा खोली चारचा फॉर्म्युला या दोन बिल्डिंगा वेगळ्या करतोच. इथे विद्यार्थी खूश होतात, बघा सर, चारने झालं. मग मी बिल्डिंग बदलतो, एकीत पाच भरलेले आणि चार न भरलेले, दुसरीत चार आणि पाच. आता चार फेऱ्यांतही डुप्लिकेटर जिंकतो. तुम्ही खोली n चा फॉर्म्युला आणा, मी n+1 भरलेले आणि n न भरलेले अशी एक बिल्डिंग आणि त्याच्या उलट दुसरी बिल्डिंग आणतो, तुमचा फॉर्म्युला दोन्हीकडे एकच उत्तर देणार. फॉर्म्युला एकदा लिहिला की त्याची खोली ठरली आणि बिल्डिंग मात्र कितीही मोठी होऊ शकते. पूर्ण सिद्धता एवढीच आहे, खरंच.

खेळ नीट बघितला तर त्याहून मोठी गोष्ट दिसते. खोली तीनच्या फॉर्म्युल्याला ‘तीन’ आणि ‘तीनहून कितीही जास्त’ यातला फरकच कळत नाही. म्हणजे 1000 जणांनी भरली आणि 3 जणांनी नाही अशी सोसायटी, आणि 3 जणांनी भरली आणि 1000 जणांनी नाही अशी सोसायटी, या दोन्ही त्याला सारख्याच. मग ‘बहुतेक’ ची सीमा पन्नास टक्क्यांवर ठेवा, दोन तृतीयांशवर ठेवा, ऐंशीवर ठेवा, काही फरक पडत नाही, प्रमाण ही गोष्टच त्याच्या नजरेत येत नाही. म्हणून मी वर म्हटलं की आकड्यावरून वाद घालायची गरज नाही.

इथपर्यंत पटलं असेल तर पुढचा विचार साहजिक येतो, की बरं, ∀ आणि ∃ ने होत नाही तर तिसरं एक चिन्ह घेऊ, M, आणि Mx म्हणजे ‘जगातल्या निम्म्याहून जास्त x साठी पुढचं खरं आहे’. ∀ आणि ∃ सारख्या चिन्हांना क्वांटिफायर म्हणतात, आणि अशी नवी क्वांटिफायर चिन्हं घ्यायची कल्पना तर्कशास्त्रज्ञ मोस्तोव्स्कीने 1957 मध्ये मांडली. पण गंमत अशी की ‘बहुतेक सभासदांनी वर्गणी भरली’ एवढं साधं वाक्य त्यानेही निघत नाही. ‘सगळे सभासद’ लिहिताना आपण ∀x(S(x) → V(x)) लिहितो आणि ‘काही सभासद’ लिहिताना ∃x(S(x) ∧ V(x)), S म्हणजे सभासद. त्याच सवयीने लोक Mx(S(x) → V(x)) लिहितात. हे चुकतं, आणि मी स्वतः चुकवलेलं आहे, कागदावर नाही तर कामात.

काही वर्षांपूर्वी एका संस्थेसाठी मी शाळांच्या डेटाचा रिपोर्ट केला होता. यादीत 500 शाळा, त्यातल्या 40 शाळांना वसतिगृह. प्रश्न होता की वसतिगृहवाल्या बहुतेक शाळांची तपासणी झालीय का. मी घाईत अट लिहिली ‘वसतिगृह नाही किंवा तपासणी झाली’, म्हणजे तोच बाण, आणि ती पाळणाऱ्या शाळा मोजल्या. 470 आल्या, 94 टक्के. रिपोर्ट गेला. नंतर तिथल्या एका मॅडमनी फोन करून विचारलं की अहो, आमच्या माहितीत तर दहाच वसतिगृहांची तपासणी झालीय. बरोबर होतं त्यांचं. वसतिगृह नसलेल्या 460 शाळा बाणाच्या नियमाने आपोआप ‘पास’ झाल्या आणि त्यात खरे 10 मिळून 470. खरं उत्तर 40 पैकी 10, पंचवीस टक्के. ज्या 30 वसतिगृहांत कोणी फिरकलंच नव्हतं ती माझ्या 94 टक्क्यांखाली झाकली गेली होती, आणि ते मला आजही लागतं.

बाणाऐवजी ‘आणि’ लावला असता तर? मग उलटं चुकलं असतं. समजा 40 च्या 40 वसतिगृहांची तपासणी झाली असती तरी 500 पैकी 40 म्हणजे निम्म्याच्या जवळही नाही, उत्तर आलं असतं ‘नाही’. मग तिसरं काही जोडअव्यय? दोन विधानांना जोडायचे एकूण सोळाच प्रकार आहेत आणि सगळे एकदम बाद करता येतात. वसतिगृह नसलेल्या शाळा दोन प्रकारच्या, तपासलेल्या आणि न तपासलेल्या. तुमचं जोडअव्यय कुठलंही असो, त्याला या शाळा एकतर ‘हो’ च्या पारड्यात टाकाव्या लागतात नाहीतर ‘नाही’ च्या, तिसरं पारडं M कडे नाहीच. मग मी त्या पारड्यात अशा दहा हजार शाळा ओततो आणि उत्तर हवं तसं फिरवतो, खऱ्या 40 वसतिगृहांना हातही न लावता. पण ‘बहुतेक वसतिगृहवाल्या शाळा’ या वाक्याला बाकीच्या शाळांशी काहीच देणंघेणं नाही. नुसता बाण न लावता M बरोबर ∀, ∃ सगळं मिसळून फार गुंतागुंतीचा फॉर्म्युला केला तरी होत नाही, हे बार्वाइज आणि कूपर यांनी 1981 च्या त्यांच्या लेखात दाखवलं.

म्हणून उपाय असा की ‘बहुतेक’ ला एक नाही, दोन जागा द्यायच्या. पहिल्या जागेत कोणामध्ये बघायचं (सभासद), दुसऱ्या जागेत काय बघायचं (वर्गणी भरली). आणि अर्थ म्हणजे त्या दोन संचांमधलं नातं: सभासद असून भरलेले, हे सभासद असून न भरलेल्यांपेक्षा जास्त. लिंडस्ट्रॉमने 1966 मध्ये क्वांटिफायरला अशा अनेक जागा देण्याची सर्वसाधारण पद्धत मांडली, आणि बार्वाइज-कूपरनी ती बोलीभाषेच्या वाक्यांना लावली. ‘सगळे’ म्हणजे पहिला संच दुसऱ्यात पूर्ण मावतो, ‘काही’ म्हणजे दोघांत काहीतरी समाईक आहे, ‘बहुतेक’ म्हणजे वरची तुलना, तिघांचा साचा एकच. यालाच जनरलाइझ्ड क्वांटिफायर म्हणतात. ‘सगळे’ आणि ‘काही’ यांना बाण आणि ‘आणि’ वापरून एका जागेत कोंबता येतं, हा त्या दोघांचा योगायोग आहे, आणि शाळा-कॉलेजात आपण आधी तेच दोन शिकतो म्हणून सगळ्यांचं तसंच होईल असं वाटत राहतं.

तुम्ही डेटाबेसवर काम करत असाल तर हा साचा तुम्ही रोज बघता:

```sql
SELECT SUM(CASE WHEN paid = 'Y' THEN 1 ELSE 0 END) * 2 > COUNT(*)
FROM residents
WHERE kind = 'member';
```

`WHERE` म्हणजे पहिली जागा, `CASE` मधली अट म्हणजे दुसरी जागा. माझी चूक अशी होती की पहिल्या जागेतली गोष्ट मी दुसऱ्या जागेत ढकलली. आणि लक्षात घ्या की `COUNT`, `SUM` काढून फक्त `EXISTS` आणि `NOT EXISTS` वर ही क्वेरी लिहायला घेतली तर ती लिहिताच येणार नाही, कारण नुसत्या `EXISTS` ची ताकद म्हणजे ∀ आणि ∃ चीच ताकद, आणि वरच्या दोन बिल्डिंगा तिथेही आडव्या येतात. एक बारीक गोष्ट, यादीत एकही सभासद नसेल तर वरची क्वेरी `false` न देता `NULL` देते, कारण रिकाम्याची `SUM` `NULL` असते. व्याख्येप्रमाणे शून्य हे शून्याहून मोठं नाही, म्हणजे उत्तर ‘नाही’ यायला हवं, तेव्हा ते वेगळं सांभाळा.

आता ‘थोडे’. इथे तुमच्या प्रश्नाचं उत्तर खरंच ‘अवलंबून आहे’ असं आहे. मराठीत “थोड्या सभासदांनी भरली” आणि “फार थोड्या सभासदांनी भरली” यात मोठा फरक आहे. पहिलं साधारण ‘काही’ सारखं, कोणीतरी भरली हे सांगतं. दुसरं वरची मर्यादा सांगतं, याहून जास्त नाही. ओळखायची माझी पद्धत अशी: “फार थोड्या सभासदांनी वर्गणी भरली” हे खरं असेल तर “फार थोड्या सभासदांनी ऑनलाइन वर्गणी भरली” हेही खरंच असणार, कारण ऑनलाइनवाले त्यातलेच. ‘बहुतेक’ चं उलट, बहुतेकांनी ऑनलाइन भरली तर बहुतेकांनी भरली हे आलंच, पण बहुतेकांनी भरली यावरून ऑनलाइनबद्दल काही कळत नाही. ‘थोड्या’ (नुसतं) इथे ‘बहुतेक’ च्या बाजूला बसतं आणि ‘फार थोड्या’ विरुद्ध बाजूला.

मग ‘फार थोडे’ ∀/∃ ने येतं का? कोणी ठरवून ‘फार थोडे म्हणजे दोनहून जास्त नाही’ म्हणत असेल तर येतं, ‘किमान तीन’ च्या फॉर्म्युल्यापुढे नकार लावा, झालं. पण बोलताना आपण बऱ्याचदा प्रमाण मनात धरतो. 500 फ्लॅटच्या सोसायटीत मीटिंगला 20 जण आले तर सेक्रेटरी म्हणतील फार थोडे आले, आणि 25 फ्लॅटच्या सोसायटीत तेच 20 आले तर बहुतेक सगळे आले म्हणतील. आलेली माणसं तेवढीच, शब्द बदलला. हीच परीक्षा करा, आलेल्यांचा आकडा तसाच ठेवून एकूण संख्या बदला. वाक्याचं खरं-खोटं बदललं तर तो प्रमाणाचा ‘फार थोडे’ आहे आणि तो ∀/∃ ने येत नाही, कारण तिथेही 1000 आणि 3 वाल्या सोसायट्या फॉर्म्युल्याला सारख्याच दिसतात. नाही बदललं तर मोजणीचा आहे आणि आकडा ठरवला की लिहिता येतो. भाषाशास्त्रज्ञ बार्बरा पार्टी यांनी 1989 मध्ये इंग्रजीतल्या अशा शब्दांबद्दल हे दोन अर्थ वेगळे करून दाखवले होते, मराठीत मला ते तितकेच स्पष्ट दिसतात.

एक शेवटची गोष्ट, कारण थोडं पुढे गेलात की ही शंका येईल. कोणी म्हणेल की सेट थिअरी तर फर्स्ट-ऑर्डर लॉजिकमध्येच, म्हणजे याच ∀ आणि ∃ च्या भाषेत लिहितात आणि तिथे ‘बहुतेक’ सहज लिहिता येतं. हो, येतं. सभासद मोजायच्या ऐवजी जोड्या लावा, प्रत्येक न भरलेल्याच्या शेजारी एक वेगळा भरलेला उभा करा, आणि सगळ्यांच्या जोड्या लागूनही भरलेले उरले तर बहुतेकांनी भरली (सभासद मर्यादित आहेत असं धरून). पण हे सांगायला ‘अशी एक जोड्यांची यादी आहे’ असं म्हणावं लागतं. सेट थिअरीत ती यादी स्वतःच एक वस्तू आहे, म्हणून ∃ तिला उचलू शकतो. आपल्या बिल्डिंगमध्ये फक्त सभासद आहेत, याद्या नाहीत, त्यामुळे ∃ च्या हाताला एक-एक सभासदच लागतो. त्याला याद्या उचलायची परवानगी दिली की ते सेकंड-ऑर्डर लॉजिक झालं, आणि तुमच्या सरांचं वाक्य फर्स्ट-ऑर्डरबद्दल होतं, तेही ज्या जगात नुसते सभासद आहेत अशा जगाबद्दल.